वर्तुळ वर्तुळच राहावं म्हणून

दहावीच्या भूमितीत ‘वर्तुळ’ नावाचं प्रकरण आहे आणि त्यात स्पर्शिकेचं प्रमेय. स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. माझ्या ओळखीच्या एक गणिताच्या बाई हे प्रमेय यूट्यूबवर थेट शिकवत होत्या. ब्राउझरमध्ये जिओजेब्रा उघडलेलं, त्यात वर्तुळ, वर्तुळावर उजवीकडे वर ४५ अंशांवर एक बिंदू आणि त्या बिंदूतून जाणारी स्पर्शिका. ब्राउझरची ती विंडो ओबीएस स्टुडिओ मुलांपर्यंत पोचवत होतं. समजावणं संपत आलं तेव्हा एका पोरानं घरी लॅपटॉपच्या पडद्याला कोनमापक लावला आणि चॅटमध्ये लिहिलं, “बाई, ९७ येतोय.”

पोराचं मोजमाप बरोबर होतं. बाईंच्या मॉनिटरवर काटकोन होता, पण मुलांच्या पडद्यावर पोचेपर्यंत तो साडेसत्त्याण्णव अंशांचा झाला होता आणि वर्तुळ थोडं उभट, अंड्यासारखं दिसत होतं. वर्गाआधी बाईंनी एवढंच केलं होतं की प्रीव्ह्यूत वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या घालवायला मेनूमधलं `Stretch to screen` दाबलं होतं. पट्ट्या गेल्या आणि त्यांच्यासोबत भूमितीही गेली.

थेट प्रक्षेपण करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेटतो: पकडलेली विंडो सीनमध्ये नीट भरत नाही, तिचं काय करायचं? उपाय चार आहेत. ताणा, पट्ट्यांसह बसवा, कापून भरा, किंवा मुळात विंडोचाच आकार बदला. चारही उपाय कोणी ना कोणी छातीठोकपणे सांगतं. कुठला कुठे चालतो हे बाईंच्याच उदाहरणावर तपासून पाहू, कारण वर्तुळाला खोटं बोलता येत नाही.

तीन आकार, तीन ठिकाणं

गोंधळाचं मूळ असं की ओबीएसमध्ये आकार एक नसतो, तीन असतात. पहिला सोर्सचा, म्हणजे पकडलेली विंडो प्रत्यक्षात किती पिक्सेलची आहे तो. हा आकार ओबीएस ठरवत नाही. विंडो जेवढी, तेवढा सोर्स. विंडो ओढून लहान केली तर सोर्सही त्याच क्षणी लहान होतो.

दुसरा कॅनव्हासचा. सेटिंग्जमध्ये `Video` या पानावर `Base (Canvas) Resolution` असं लिहिलेलं असतं ते हेच. हा जणू रंगमंच आहे. सगळे सोर्स त्यावर मांडले जातात आणि मंचाच्या कडेबाहेर जे जाईल ते प्रेक्षकाला दिसत नाही. ओबीएस पहिल्यांदा सुरू होताना सहसा मुख्य मॉनिटरचाच आकार कॅनव्हासला देतं.

तिसरा `Output (Scaled) Resolution`, म्हणजे मंचावरचं तयार चित्र ज्या आकारात प्रेक्षकाकडे किंवा रेकॉर्डिंगमध्ये जातं तो. कॅनव्हास १९२० × १०८० आणि आउटपुट १२८० × ७२० असेल, तर सगळं चित्र जुळून झाल्यावर एकदम दोन-तृतीयांश केलं जातं.

विंडो मंच भरत नाही ही तक्रार पहिल्या दोन आकारांमधली आहे. ती मिटवायला तिसरा आकार बदलत बसण्यात अर्थ नाही, तरी पुष्कळ लोक तेच करतात. आउटपुट कमी-जास्त केल्यानं पट्ट्या लहान-मोठ्या होतात, जात मात्र नाहीत.

पट्ट्या येतात कुठून

बाईंचा मॉनिटर १९२० × १०८० आहे आणि विंडोज ११ मध्ये स्केलिंग १०० टक्के. कॅनव्हासही तेवढाच. मग पूर्ण मोठी केलेली ब्राउझरची विंडो मंच का भरत नाही? कारण खालचा टास्कबार ४८ पिक्सेल खातो, त्यामुळे विंडोला उंची मिळते १०३२ एवढीच. शिवाय वरच्या बाजूला टॅब आणि पत्त्याची पट्टी मिळून ८७ पिक्सेल जातात. ती मुलांना दाखवायची नाही, कारण तिथे बाईंच्या उघड्या टॅबची नावं असतात. १०३२ मधून ८७ गेले की खरा कामाचा भाग उरतो १९२० × ९४५.

कॅनव्हासचं गुणोत्तर १६:९ आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. उरलेल्या भागाची रुंदी उंचीच्या २.०३ पट आहे. चौकट आणि चित्र या दोघांची अंगकाठीच वेगळी आहे. अशा वेळी तीन गोष्टींपैकी एक गमवावीच लागते: मंचाचा काही भाग रिकामा ठेवा, चित्राचा काही भाग कापा, किंवा चित्राचा आकार बिघडवा. कुठलंही बटण दाबा, या तिन्हींपैकी कोणता तोटा पत्करायचा एवढंच तुम्ही ठरवत असता.

हिशेब सोपा आहे. रुंदी भरायला किती पट लागेल? १९२० भागिले १९२०, म्हणजे १ पट. उंची भरायला? १०८० भागिले ९४५, म्हणजे बरोबर ८/७, सुमारे १.१४ पट. या दोन आकड्यांपैकी लहान आकडा दोन्ही दिशांना वापरला की अख्खं चित्र मंचावर मावतं आणि पट्ट्या उरतात. मोठा आकडा दोन्ही दिशांना वापरला की मंच भरतो आणि चित्राच्या कडा बाहेर जातात. आडव्या दिशेला एक आणि उभ्या दिशेला दुसरा वापरला की चित्र ताणलं जातं.

वरची टॅबची पट्टी आधीच कापलेल्या चित्रावर बाईंनी तिसरं केलं होतं. जिओजेब्रात ४२० पिक्सेल रुंद आणि ४२० उंच असलेलं वर्तुळ मंचावर ४२० रुंद आणि ४८० उंच झालं. ४५ अंशांवरची त्रिज्या उंचीच्या दिशेनं ताणल्यामुळे ४८.८ अंशांवर गेली, आणि स्पर्शिका दुसऱ्या बाजूला तितकीच खडी झाली. दोघींमधला कोन येतो ४८.८ च्या दुप्पट, म्हणजे ९७.६. त्या पोराचा कोनमापक म्हणत होता तेच.

ताणण्याबद्दल निकाल इथेच देऊन टाकतो. ढगांचं किंवा निव्वळ रंगांचं पार्श्वचित्र असेल तर ताणलेलं खपून जातं. माणसाचा चेहरा, अक्षर, नकाशा, आकृती यांपैकी काही असेल तर ताणू नये. ताणलंय का हे ओळखायला कोनमापकही लागत नाही. पानावर एखादं गोल चिन्ह शोधा, प्रोफाइलचा गोल फोटोसुद्धा चालेल. तो अंडाकार दिसला की समजा. ओबीएसमध्ये शिफ्ट दाबून सोर्सचा कोपरा ओढला तरी हाच प्रकार होतो आणि तो पुष्कळदा नकळत होतो.

पट्ट्या ठेवणं: कमीपणा नाही

`Fit to screen`, म्हणजे कंट्रोल आणि एफ, लहान आकडा घेतं. बाईंच्या बाबतीत तो आकडा नेमका १ आहे, म्हणजे चित्राचा एकही पिक्सेल बदलत नाही. वर आणि खाली मिळून १३५ पिक्सेलची जागा रिकामी राहते, एवढंच. अक्षरं जशी ब्राउझरनं काढली तशीच पोचतात.

पट्ट्या म्हणजे चूक, असा एक समज आहे. तो धरून चालण्याची गरज नाही. त्या १३५ पिक्सेलच्या जागेत विषयाचं नाव, तारीख, प्रकरणाचा क्रमांक असा मजकूर ठेवता येतो. चित्र वर टेकवून सगळी मोकळी जागा खाली घेतली तर तिथे एक व्यवस्थित पट्टा मिळतो. मी पाहिलेल्या वर्गांपैकी सर्वांत वाचनीय वर्ग असाच मांडलेला होता. रिकाम्या जागेला काम दिलं की ती रिकामी दिसत नाही.

पण सगळ्यांनाच पट्टा नको असतो. वर्गाला भरलेला पडदाच हवा असेल तर पुढचा रस्ता कापण्याचा.

कापून भरणं: नेमकं कसं

ओबीएसच्या मेनूत बसवण्याचं बटण आहे आणि ताणण्याचंही आहे. कापून भरण्याचं काम मात्र एका खिडकीआड आहे, म्हणून लोकांना ते सापडत नाही. सोर्स निवडून कंट्रोल आणि ई दाबलं की `Edit Transform` उघडतं. काम तिथेच करायचं.

सुरुवात कंट्रोल आणि आर दाबून करावी. त्यानं सोर्स मूळ आकारात परत येतो आणि आधीचं ताणणं, फिरवणं, कापणं सगळं पुसलं जातं. आता आकाराच्या रकान्यात जे आकडे दिसतात ते विंडोचे खरे पिक्सेल. बाईंच्या इथे १९२० आणि १०३२ दिसले. तुमच्याकडे वेगळे दिसतील, तेव्हा या लेखातले आकडे उतरवून न घेता तुमचेच वाचा.

मग वरून ८७ कापायचे. क्रॉपच्या चार रकान्यांपैकी वरच्यात ८७ लिहा. इथे एक बारकावा आहे: हे आकडे सोर्सच्या स्वतःच्या पिक्सेलमध्ये असतात, मंचाच्या नव्हे. सोर्स मोठा करा की लहान, विंडोतले तेच ८७ पिक्सेल कापले जातात. हातानं कापायचं असेल तर ऑल्ट दाबून सोर्सची वरची कड खाली ओढा. कापलेली कड लाल रेषेऐवजी हिरवी दिसते.

आता चौकट द्यायची. `Bounding Box Type` मध्ये `Scale to outer bounds` निवडा, चौकटीचा आकार १९२० × १०८० लिहा, आणि स्थान शून्य, शून्य. चौकटीचा अर्थ असा की चित्राला सांगितलं जातं, ‘तुझं प्रमाण न बिघडवता एवढी जागा पूर्ण भर, बाहेर गेलास तरी चालेल.’ ओबीएस मोठा आकडा घेतं, ८/७. चित्राची रुंदी २१९४ होते, उंची १०८०. मंचाबाहेर २७४ पिक्सेल जातात, जे विंडोच्या मोजमापात २४० भरतात. कारण ९४५ उंचीला १६:९ रुंदी लागते १६८०, आणि १९२० मधून १६८० वजा केले की २४० उरतात.

हे २४० कुठून जाणार? मांडणी मध्यावर ठेवली तर दोन्हीकडून १२०. लेखांच्या पानाला हे सहसा चालतं, कारण कडेला कोरी जागाच असते. जिओजेब्राला चालत नाही. तिथे डाव्या बाजूला हत्यारांची आणि बीजगणिताची पट्टी असते, आणि तिची अर्धी अक्षरं कापली गेली तर मुलांना ‘वर्तुळ’चं ‘तुळ’ दिसतं. म्हणून चौकटीत चित्र कुठे टेकवायचं, ती निवड डावीकडे मध्ये अशी केली. सगळे २४० उजव्या बाजूनं गेले, जिथे झूमची बटणं होती. आकृती जरा डावीकडे सरकवून घेतली आणि काम झालं. वर्तुळ ४८० रुंद, ४८० उंच. काटकोन ९० अंशांचा.

शेवटी सोर्सच्या नावापुढचं कुलूप लावायचं. वर्ग चालू असताना माऊसचा एक चुकीचा धक्का हा सगळा हिशेब विस्कटू शकतो.

चौकटीचा दुसरा फायदा पुढे कळतो. नुसता कोपरा ओढून सोर्स मोठा केला असेल तर ओबीएस फक्त ‘१.१४ पट’ एवढंच लक्षात ठेवतं. उद्या विंडो लहान झाली की चित्रही लहान होतं आणि मंचाचा उजवा-खालचा कोपरा उघडा पडतो. चौकट दिली असेल तर लक्षात राहतो तो मंच भरण्याचा हुकूम. विंडो बदलली तरी पट पुन्हा मोजला जातो.

कात्री कुठे चालवायची

कापायच्या दोन जागा आहेत. वर सांगितलेली पहिली, त्या सीनमधल्या त्या मांडणीपुरती. दुसरी फिल्टरची: सोर्सवर उजवं क्लिक, `Filters`, आणि त्यात `Crop/Pad`. फरक असा की फिल्टर खुद्द सोर्सवर बसतो. तोच सोर्स तीन सीनमध्ये वापरला असेल तर तिन्हीकडे कापलेलाच येतो.

बाईंकडे दोन सीन होते. एकात जिओजेब्रा पूर्ण पडद्यावर, दुसऱ्यात जिओजेब्रा मोठं आणि कोपऱ्यात कॅमेरा. टॅबची पट्टी कुठेच दाखवायची नव्हती, म्हणून वरचे ८७ फिल्टरनं कापणं शहाणपणाचं. उजवीकडचे २४० मात्र फक्त पूर्ण पडद्याच्या सीनपुरते जायला हवे होते, ते चौकटीनं गेले. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर असं: जे कधीच कुणाला दिसू नये ते फिल्टरमध्ये कापा, आणि जे त्या मांडणीत मावत नाही ते मांडणीत कापा. दोन्हीकडे एकच ८७ लिहिलं तर दोनदा कापलं जातं आणि जिओजेब्राची वरची ओळ गायब होते. हा घोटाळा मी स्वतः केलाय आणि ओळ कुठे गेली ते शोधण्यात अर्धा तास घालवलाय.

मोठं केलं की धूसर होतं

आकार सुटला. आता दुसरी किंमत. ८/७ पट मोठं करणं म्हणजे दर सात पिक्सेलच्या जागी आठ भरणं. आठवा पिक्सेल कुठून तरी आणावा लागतो, तो शेजाऱ्यांच्या सरासरीतून येतो. फोटोत हे कळत नाही, अक्षरांत कळतं. देवनागरीत तर फारच, कारण आपला अर्थ बारीक खुणांवर टेकलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका, रफाराचा आकडा, ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ या सगळ्या एक-दीड पिक्सेलच्या गोष्टी. त्या पसरल्या की ‘ष’ आणि ‘प’ यांत वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो.

त्यात दुसरं स्केलिंग मिसळलं की आणखी बिघडतं. बाईंचं इंटरनेट साधं, म्हणून आउटपुट १२८० × ७२० होतं. म्हणजे चित्र आधी ८/७ पट मोठं झालं, कॅनव्हासवर बसलं, आणि मग सगळा कॅनव्हास दोन-तृतीयांश झाला. एकूण ०.७६ पट. मोठं करून पुन्हा लहान करण्यातून मिळालं काही नाही, आणि अक्षरं दोनदा घोटली गेली.

उपाय सोपा आहे, तरी क्वचितच सांगितला जातो. आउटपुट ७२० चंच असणार असेल तर कॅनव्हासही १२८० × ७२० करा. ओबीएस सोर्स मूळ आकारात धरून ठेवतं आणि मंचावर मांडतानाच त्याचा पट लावतं. त्यामुळे १६८० × ९४५ चा भाग थेट १२८० × ७२० वर येतो. तोच ०.७६ पट, पण एकाच खेपेत. कॅनव्हास बदलल्यावर चौकटीचा आकारही १२८० × ७२० झाला आहे का, ते तपासा.

सोर्सच्या उजव्या क्लिकमध्ये `Scale Filtering` नावाची निवड आहे. मोठं-लहान करताना मधले पिक्सेल कसे काढायचे, ते ती ठरवते. अक्षरांसाठी `Bicubic` किंवा `Lanczos` सहसा बरं दिसतं. `Point` शेजाऱ्यांची सरासरी काढतच नाही, त्यामुळे जुन्या ठोकळेबाज खेळांना बरोबर दुप्पट किंवा तिप्पट करताना ते उत्तम, पण ८/७ सारख्या अपूर्ण पटीला अक्षरांच्या काही रेघा जाड आणि काही बारीक करून ठेवतं. एवढं खरं की कुठलाही फिल्टर हरवलेला तपशील परत आणत नाही.

आणि एक गोष्ट स्केलिंगची नाही, पण लोक तिचा दोष स्केलिंगला देतात. ओबीएस नेहमीच्या सेटिंगमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पाठवतं, रंगाची मात्र चार पिक्सेलच्या चौकोनामागे एकदाच. त्यामुळे पट १ असला तरी पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ फिकट दिसते. जिओजेब्रात रेघ जाड करणं हाच त्यावर इलाज.

आधी खिडकी

आता चौथा उपाय, जो खरं तर पहिला असायला हवा. ओबीएसमध्ये चित्र मोठं केलं की पिक्सेल ताणले जातात. ब्राउझरमध्ये पान मोठं केलं की अक्षरं नव्यानं काढली जातात, धारदार. म्हणून जे काम विंडोत होऊ शकतं ते ओबीएसवर ढकलू नये.

बाईंना शेवटी मी जे सुचवलं ते एका कळीचं होतं: एफ-अकरा. ब्राउझर पूर्ण पडदा घेतो, टॅब जातात, पत्ता जातो, टास्कबार जातो. सोर्स थेट १९२० × १०८०. कापायला काही नाही, ताणायला काही नाही. जिओजेब्रा नव्या जागेनुसार स्वतःची मांडणी करून घेतं. ८७ नाही, २४० नाही, ८/७ नाही. तासभर केलेला सगळा हिशेब एका कळीनं वाया गेला, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

अडचण एवढीच की एकच मॉनिटर असला तर चॅट झाकली जाते. बाई चॅट फोनवर बघायला लागल्या. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे: क्रोम टॅब आणि पत्त्याविना, स्वतंत्र प्रोग्रामसारखं उघडायचं.

```
chrome.exe --app=https://www.geogebra.org/geometry --window-size=1280,800
```

वर फक्त शीर्षकाची एक बारीक पट्टी राहते. विंडो पकडण्याच्या सेटिंगमध्ये `Client Area` वर खूण केली की तीही सोर्समधून जाते. नेहमीच्या क्रोमला या खुणेचा उपयोग होत नाही, कारण तिथे टॅब विंडोच्या आतल्या भागातच काढलेले असतात. मग ओबीएसमध्ये आकाराचे आकडे बघत विंडोची कड ओढायची, सोर्स १२८० × ७२० होईपर्यंत. कॅनव्हासही तेवढाच असेल तर पट १, आणि मॉनिटरचा उरलेला भाग चॅटसाठी मोकळा. अक्षरं लहान वाटली तर ब्राउझरचा झूम १२५ किंवा १५० टक्के करा.

प्रेझेंटेशनलाही हेच लागू. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो विंडोत चालवायची सोय आहे, आणि स्लाइडचा आकार १६:९ आहे की जुना ४:३, ते आधी बघून घ्यावं. ४:३ ची स्लाइड कापून भरली तर उंचीचा चौथा भाग जातो, आणि तिथेच शीर्षक असतं. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मुकाट्यानं पत्कराव्यात.

चालू वर्गात काय बिघडतं

कापण्याचे आकडे पिक्सेलमध्ये असतात, आणि विंडोला ते ठाऊक नसतं. बाईंनी एकदा चुकून बुकमार्कची पट्टी चालू केली. वरचं सामान उंच झालं, कात्री मात्र ८७ वरच थांबली. मुलांना वर बुकमार्कची नावं दिसली. दुसऱ्यांदा त्या वर्ग लॅपटॉपवर घेत होत्या, जिथे विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के आहे. टॅब आणि पत्ता मिळून तिथे सुमारे १०९ पिक्सेल होतात. ८७ कापून पत्त्याच्या पट्टीचा खालचा तुकडा लटकत राहिला. म्हणजे जागा बदलली, मॉनिटर बदलला, स्केलिंग बदललं की कापलेलं पुन्हा मोजावं लागतं. विंडो मिनिमाइझ केली तर चित्र गोठतं किंवा जातं, तेही ध्यानात असू द्या.

धूसरपणा तपासताना प्रीव्ह्यूवर विश्वास ठेवू नये. ओबीएसच्या विंडोत मावावा म्हणून प्रीव्ह्यू स्वतःच लहान केलेला असतो, त्यामुळे तो असतो त्याहून वाईट किंवा चांगला दिसू शकतो. दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ती फाइल मूळ आकारात बघा. जे तिथे वाचता येतं तेच मुलांना वाचता येणार, तेही सर्वांत चांगल्या परिस्थितीत.

आणि एक सापळा. उजव्या क्लिकमध्ये `Resize output (source size)` असा पर्याय आहे. नाव आशादायक आहे. तो सोर्सला मंचाएवढा करत नाही, उलट मंचच सोर्सएवढा करतो. पट्ट्या ओबीएसमधून जातात खऱ्या, पण तुमचं प्रक्षेपण १६:९ राहत नाही आणि त्याच पट्ट्या प्रेक्षकाच्या प्लेयरमध्ये येऊन बसतात. शिवाय बाकीच्या सीनची मांडणी बिघडते ती वेगळीच.

उभ्या व्हिडिओचा प्रश्न याच कुळातला, फक्त टोकाचा. १९२० × १०८० चं चित्र १०८० × १९२० च्या कॅनव्हासवर कापून भरलं तर रुंदीचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग उरतो आणि तो १.७८ पट फुगतो. तिथे कात्री कामाची नाही. विंडोच उभी आणि अरुंद करावी, पान आपसूक मोबाइलसारखी मांडणी घेतं.

निकाल

चारही उपाय ताडून पाहिल्यावर क्रम असा लागतो. आधी विंडोचा आकार कॅनव्हासच्या गुणोत्तरात आणा. ते जमत नसेल तर प्रमाण राखून बसवा आणि उरलेल्या जागेला काम द्या. भरलेलाच पडदा हवा असेल तर चौकट देऊन कापा, आणि कुठल्या बाजूनं कापायचं ते स्वतः ठरवा. ताणणं यादीत सर्वांत शेवटी, आणि आकृती-अक्षरांसाठी यादीबाहेर.

पुढच्या तासाला बाईंनी एफ-अकरा दाबून तेच प्रमेय पुन्हा घेतलं आणि सुरुवातीलाच मुलांना कोनमापक काढायला सांगितले. या वेळी सगळ्यांचे ९० आले. तुमच्या पुढच्या प्रक्षेपणाआधी तुम्हीही पडद्यावर एक वर्तुळ काढा आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याला पट्टी लावून बघा. रुंदी आणि उंची सारखी भरली, तर बाकीचं सगळं बरोबर बसलं आहे.